गुरुवारी पिवळा, शनिवारी राखाडी: नवरात्राच्या नऊ रंगांची जन्मकथा

२०२४ साली घटस्थापना गुरुवारी, ३ ऑक्टोबरला होती. त्या दिवसाचा रंग पिवळा. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, कुठल्याही स्टेशनवर लेडीज डबा थांबतो तिथे पिवळ्या साड्या, पिवळे कुर्ते, निदान पिवळी ओढणी. शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी नारिंगी. बँकेच्या काउंटरवर, शाळेच्या स्टाफरूममध्ये, सोसायटीच्या गेटपाशी एकच रंग. "उद्या कोणता कलर?" हा प्रश्न त्या नऊ दिवसांत उपनगरातल्या बायका एकमेकींना सहज विचारतात, आणि उत्तर एकच असतं. एवढ्या मोठ्या शहरात रोज सकाळी लाखो माणसं एकाच रंगाचे कपडे घालून बाहेर पडतात, ही गोष्ट साधी नाही.

ही प्रथा कधीपासूनची, असं विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "पूर्वीपासूनचीच. देवीचे रंग आहेत ते." पंचविशीतल्या मुलीच्या दृष्टीने ते खरंही आहे, तिला कळतं तेव्हापासून रंग आहेतच. पण तिच्या आजीला विचारलं तर ती घटाबद्दल सांगेल, माळेबद्दल, अखंड दिव्याबद्दल, अष्टमीला घागरी फुंकण्याबद्दल, भोंडल्याच्या खिरापतीबद्दल सांगेल. नऊ दिवसांच्या नऊ साड्यांबद्दल तिच्या लहानपणच्या आठवणीत काहीच सापडणार नाही. या दोन पिढ्यांच्या मधे कधीतरी एक नवी परंपरा जन्माला आली आणि वीसेक वर्षांत ती जुनी वाटू लागली. परंपरा कशी घडते याचा अभ्यास करायला इतकं जवळचं आणि इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळतं. म्हणून ते नीट उलगडून पाहू.

रंगांचा नियम

आधी रंग ठरतात कसे ते पाहू. त्यासाठी जुन्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की पुरे. २०२२ साली घटस्थापना सोमवारी होती आणि पहिला रंग पांढरा होता. २०२३ साली ती रविवारी आली, पहिला रंग नारिंगी. २०२४ साली गुरुवार, पहिला रंग पिवळा. २०२५ साली पुन्हा सोमवार, पुन्हा पांढरा. मागे गेलं तर २०२० साली घटस्थापना शनिवारी होती आणि त्या दिवशी राखाडी रंग होता.

यावरून नियम लक्षात येतो. रंग वाराला बांधलेला आहे. रविवार नारिंगी, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी. सात दिवसांचे सात रंग असे लागतात. आठव्या आणि नवव्या दिवशी वार पुन्हा फिरून येतात, पण रंग पुन्हा येऊ नयेत म्हणून गुलाबी, जांभळा आणि मोरपंखी यांतले दोन घेतले जातात. पुढच्या कुठल्याही वर्षाची घटस्थापना कोणत्या वारी आहे एवढं पंचांगात पाहिलं, तर पहिल्या सात दिवसांची यादी तुम्ही घरबसल्या लिहू शकता. त्यासाठी ना ज्योतिषी लागतो, ना पुरोहित.

वारांचे हे रंग आले कुठून? काही ओळखीचे आहेत. आपल्याकडे वार ग्रहांच्या नावाने आहेत आणि ग्रहांना रंग दिलेले आहेत. चंद्राचा पांढरा, मंगळाचा लाल, गुरूचा पिवळा, रवीचा तांबूस. इथपर्यंत यादी जुन्या समजुतीशी जुळते. पुढे मात्र ती वेगळी वाट घेते. बुधाचा रंग हिरवा, पण बुधवारी निळा आहे. शुक्राचा पांढरा, पण शुक्रवारी हिरवा आहे. शनीचा काळा, पण शनिवारी राखाडी आहे. ग्रहांचे रंग जसेच्या तसे घेतले असते तर आठवड्यात पांढरा दोनदा आला असता आणि देवीच्या उत्सवात काळा नेसायची वेळ आली असती. संक्रांत सोडली तर आपल्याकडे सणाला काळं वर्ज्य. यादी करणाऱ्यांनी जुनी चौकट घेतली आणि जिथे ती अडचणीची होती तिथे वाकवली, असंच यावरून दिसतं.

यादीतले दोन रंग विशेष लक्ष देण्यासारखे आहेत. राखाडी हा आपल्या कुठल्याही पूजेत, कुठल्याही मंगलकार्यात मानाचा रंग म्हणून येत नाही. आणि पांढरं वस्त्र जुन्या काळी अनेक घरांत सवाष्णीने शुभकार्यात नेसू नये असं मानत. नवरात्रात ते नेसायला सांगणारी प्रथा त्या जुन्या सोवळ्याच्या जगातून आलेली असणं अवघड आहे. ती अशा जगातून आली आहे, जिथे रंग हा आधी कपाटातल्या साडीचा रंग असतो.

शैलपुत्रीचा रंग कोणता?

आज या रंगांचे अर्थही सांगितले जातात. पहिला दिवस शैलपुत्रीचा, दुसरा ब्रह्मचारिणीचा, तिसरा चंद्रघंटेचा, असं नवदुर्गांच्या नावांशी एकेक रंग जोडला जातो आणि त्या रंगाचा त्या देवीच्या गुणाशी संबंध सांगितला जातो. पिवळा म्हणजे प्रसन्नता, पांढरा म्हणजे शांती, लाल म्हणजे शक्ती.

हे अर्थ तपासून पाहणं सोपं आहे. नवदुर्गांचा क्रम दरवर्षी तोच असतो; पहिला दिवस नेहमीच शैलपुत्रीचा. रंगाचा क्रम मात्र वाराप्रमाणे फिरतो. म्हणून शैलपुत्रीचा रंग २०२२ मध्ये पांढरा, २०२३ मध्ये नारिंगी, २०२४ मध्ये पिवळा आणि २०२५ मध्ये पुन्हा पांढरा झाला. रंग देवीच्या स्वभावातून आला असता तर तो दरवर्षी बदलला नसता. याचा अर्थ असा की आधी वारावरून रंग ठरला आणि देवीशी त्याचा संबंध नंतर जुळवला गेला.

हा क्रम महत्त्वाचा आहे. नव्या परंपरांच्या बाबतीत जगभर तो असाच आढळतो. आधी कृती सुरू होते, ती लोकांना आवडते, ती दरवर्षी होऊ लागते. मग कोणीतरी विचारतं, "पण हे का करायचं?" आणि त्या प्रश्नाला उत्तर म्हणून अर्थ तयार होतो. अर्थ तयार झाला की कृतीला वय प्राप्त होतं. "छान दिसतं म्हणून" असं सांगितलेली गोष्ट कालची वाटते. "शैलपुत्रीसाठी" असं सांगितलेली गोष्ट अनादी वाटते.

वर्तमानपत्राने घातलेली हाक

या प्रथेची सुरुवात २००३-०४ च्या सुमारास मुंबईत झाली, आणि ती 'महाराष्ट्र टाइम्स' या दैनिकाने केली. भारतकुमार राऊत तेव्हा त्याचे संपादक होते. महिला वाचकांशी नातं जोडणारा उपक्रम म्हणून नवरात्रात रोजचा रंग छापायचा, त्या रंगाच्या साड्या नेसून बायकांनी एकत्र फोटो काढायचे आणि ते फोटो वर्तमानपत्रात यायचे, असं त्याचं स्वरूप होतं.

उपक्रम नवा होता, पण तो कोऱ्या पाटीवर लिहिलेला नव्हता. देवीला नवरात्रात रोज नवं रूप देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईची नवरात्रात रोज वेगळी अलंकारपूजा बांधतात, आणि आजची पूजा कोणती हे पाहायला लोक मुद्दाम जातात. देवीला साडी नेसवणं, तिची ओटी भरणं हे घरोघरच्या बायकांच्या हातचं काम. वाराला देव, वाराला रंग, वाराला उपास हेही अंगवळणी पडलेलं. वर्तमानपत्राने या सगळ्यातून एक धागा घेतला आणि त्याची दिशा बदलली. रोज नवं वस्त्र आता देवीऐवजी भक्तिणीने नेसायचं होतं. देवीच्या अंगावरचा सोहळा बाईच्या अंगावर आला, आणि देवघरातून तो फलाटावर आला.

अभ्यासक काय म्हणतात

अशा गोष्टींना इतिहासकारांनी 'रचलेली परंपरा' असं नाव दिलं आहे. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ साली 'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन' हा निबंधसंग्रह संपादित केला, तिथून ही कल्पना रूढ झाली. हॉब्सबॉमचं म्हणणं थोडक्यात असं: काही प्रथा ठराविक नियमांनी पुन्हा पुन्हा केल्या जातात, त्यातून काही मूल्यं मनावर ठसवली जातात आणि त्या आपण प्राचीन काळापासून चालत आल्याचं सुचवत राहतात, प्रत्यक्षात त्यांचा जन्म अलीकडचा आणि बरेचदा तारीख सांगता येईल असा असतो. त्याच पुस्तकात ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी स्कॉटलंडचा प्रसिद्ध 'किल्ट' हा घागऱ्यासारखा पोशाख तपासला. आज दिसतो तसा आखूड किल्ट अठराव्या शतकातला, आणि प्रत्येक कुळाची वेगळी चौकट ही रीत एकोणिसाव्या शतकात, बरीचशी कापड विकणाऱ्यांच्या मदतीने रुजली, असं त्यांनी दाखवलं.

हॉब्सबॉमने एक फरक आवर्जून केला आहे, आणि तो आपल्या उदाहरणाला नेमका लागू पडतो. त्याच्या मते रूढी वेगळी आणि परंपरा वेगळी. न्यायाधीश निवाडा कसा करतात ती रूढी. ती गरजेप्रमाणे हळूहळू बदलते. त्यांचा झगा आणि विग ही परंपरा. तिच्यात बदल चालत नाही, कारण न बदलणं हेच तिचं काम. घरचा घट ही या अर्थाने रूढी होती. एखादं धान्य मिळालं नाही तर दुसरं चालायचं, नऊ दिवसांचा उपास झेपला नाही तर उठता-बसता धरायचे, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी. रंगांचं तसं नाही. गुरुवारी पिवळाच. लिंबू रंग चालेल का, यावरही ग्रुपवर चर्चा होते. कालपरवा सुरू झालेली गोष्ट जुन्या गोष्टीपेक्षा जास्त कडक असते, कारण जुनीला आपलं जुनेपण सिद्ध करावं लागत नाही.

'रचलेली' या वर्णनाचा अर्थ 'खोटी' असा मात्र घेऊ नये. सार्वजनिक गणेशोत्सवाला १८९३ हे साल देता येतं, गुढीपाडव्याच्या शोभायात्रांची सुरुवात १९९० च्या दशकाच्या अखेरीस डोंबिवलीत झाली हेही सांगता येतं. त्यामुळे मुलुंडच्या किंवा गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून चालणाऱ्या बाईचा आनंद बनावट ठरत नाही. जन्मतारीख असणं हा परंपरेचा दोष नव्हे. प्रत्येक परंपरेला ती असते. काहींची नोंद सापडते, काहींची हरवते, एवढाच फरक. विचारण्यासारखा प्रश्न असा की दरवर्षी कितीतरी उपक्रम निघतात आणि विरतात, मग हाच का टिकला?

तिथीचं नवरात्र आणि वाराचं नवरात्र

माझ्या मते याचं उत्तर त्या वारात आहे.

घराचं नवरात्र तिथीवर चालतं. घटावर रोज एक माळ चढते आणि दिवस मोजायचे ते माळेने: आज तिसरी माळ, आज पाचवी. काही घरांत कोणत्या माळेला कोणतं फूल हेही ठरलेलं असतं. तिथी घड्याळाच्या चोवीस तासांशी जुळत नाही, म्हणून कधी एखाद्या तिथीचा क्षय होतो, कधी वृद्धी. २०२१ साली घटस्थापना ७ ऑक्टोबरला आणि दसरा १५ ऑक्टोबरला होता. नवरात्र आठ दिवसांचं झालं. २०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला आणि दसरा २ ऑक्टोबरला. नवरात्र दहा दिवसांचं झालं. ज्यांच्या घरी घट असतो त्यांना याचं नवल नसतं. पंचांग पाहायचं, दोन माळा एका दिवशी घालायच्या किंवा एक जास्त घालायची.

नऊ रंगांची यादी मात्र अशा वेळी अडखळते. आठ दिवसांच्या नवरात्रात नववा रंग दसऱ्यावर जातो. दहा दिवसांच्या नवरात्रात दहाव्या दिवशी काय नेसायचं याचं उत्तर यादीत नसतं. रंगांच्या प्रथेला तिथी कळत नाही, तिला फक्त तारीख आणि वार कळतो. इथे तिची शिवण उघडी दिसते.

पण नेमकी हीच तिची ताकदही आहे. अंधेरीच्या ऑफिसात काम करणाऱ्या बाईचं आयुष्य वारावर चालतं. तिची मीटिंग मंगळवारी असते, षष्ठीला नसते. घट बसवायचा तर अखंड दिवा सांभाळायला घरात कोणीतरी हवं, सोवळंओवळं सांभाळायला वेळ हवा, नैवेद्य हवा. सकाळी सातच्या सुमाराला घर सोडणाऱ्या आणि रात्री परतणाऱ्या बाईला हे सगळं झेपेलच असं नाही. तिच्या वाट्याला नवरात्र उरत होतं ते एक तर सासूबाई करतात म्हणून, किंवा गावी करतात म्हणून. रंगांनी तिला स्वतःचं नवरात्र दिलं. सकाळी कपाटातून साडी काढली की त्या दिवसाचं तिचं करणं झालं, आणि ते करत असतानाच ती कामावरही पोचली.

जपानमध्ये असंच एक उदाहरण आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांत देवस्थानाला जाण्याची 'हात्सुमोदे' ही प्रथा तिथे फार प्राचीन मानली जाते. पूर्वी त्या वर्षी शुभ मानलेल्या दिशेला असलेल्या देवळात जात, आणि ती दिशा दरवर्षी बदलायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली, कंपन्यांनी आपल्या मार्गावरच्या देवस्थानांची जाहिरात केली, शहरातले लोक सुट्टीचा फेरफटका आणि देवदर्शन एकत्र करू लागले, आणि हळूहळू दिशेचा नियम मागे पडला. तिथे दिशेची जागा रेल्वेमार्गाने घेतली, इथे तिथीची जागा वाराने घेतली. दोन्हीकडे शहरी नोकरदाराच्या वेळापत्रकात बसेल असा विधी उरला.

लोकलचा डबा

वेळापत्रकात बसणं एवढ्याने प्रथा रुजत नाही. ती दिसावीही लागते. घरचा घट पाहुण्यांनाच दिसतो. साडी सगळ्यांना दिसते, आणि उपनगरी लोकलच्या लेडीज डब्यात ती जशी दिसते तशी दुसरीकडे कुठेच नाही.

त्या डब्यात आधीपासूनच एक समाज होता. बोरिवली ते चर्चगेट ही पहिली लेडीज स्पेशल १९९२ साली धावली, पण त्याच्याही आधीपासून ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेली जागा आणि ठरलेल्या मैत्रिणी हे उपनगरातल्या नोकरदार बाईचं दुसरं घर होतं. डब्यात वाढदिवस होत, डोहाळजेवणं होत, संक्रांतीचं हळदीकुंकू होई, दसऱ्याच्या सुमारास तोरणं आणि झेंडूच्या माळा लावून डबाही सजे. नव्या प्रथेला उभं राहायला अशी जागा आयती मिळाली.

आता एक सकाळ जवळून पाहू. रात्री वर्तमानपत्रातली किंवा फोनवर आलेली यादी पाहून ठरवलेलं असतं की उद्या हिरवा. चौघी मैत्रिणींपैकी तिघी हिरव्या साडीत येतात. चौथी विसरलेली असते. तिला कोणी रागावत नाही, "अगं, आज हिरवा ना!" एवढंच म्हणतात आणि एखादी आपल्या पर्समधल्या हिरव्या बांगड्या तिच्या हातात चढवते. फोटो निघतो. पूर्वी तो वर्तमानपत्राकडे जायचा, आज व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जातो. दुसऱ्या दिवशी चौघीही राखाडीत येतात.

या छोट्या प्रसंगात प्रथा टिकवणारं सगळं यंत्र आहे. यादी सगळ्यांना एकाच वेळी मिळते आणि ती सगळ्यांना मिळाली आहे हे सगळ्यांना माहीत असतं; म्हणून आपण एकट्याच पिवळ्यात दिसू ही भीती राहत नाही. पाळणं स्वस्त असतं, कारण लाल, हिरवी, पिवळी साडी कपाटात असतेच. न पाळणं लगेच दिसतं, पण त्याची शिक्षा सौम्य असते. आणि बक्षीस रोजच्या रोज मिळतं, फोटोच्या रूपाने. ज्या वर्तमानपत्राने हे सुरू केलं ते मधून वगळलं तरी यंत्र चालू राहतं. म्हणूनच वर्तमानपत्र न वाचणाऱ्या घरांतही प्रथा पोचली. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत पोचली, गरब्याच्या मैदानावर पोचली.

याशिवाय आणखी एक कारण आहे आणि मला ते सर्वांत मोलाचं वाटतं. जुन्या विधीला दारं होती आणि त्या दारांवर पहारे होते. पाळी असेल तर देवघरात नाही, नवरा नसेल तर कुंकवाचा मान नाही, अमुक जातीच्या हातचा नैवेद्य नाही. साडीच्या रंगाला यातला एकही पहारा नाही. विधवा बाई गुरुवारी पिवळी साडी नेसून डब्यात आली तर तिला कोणी काही विचारत नाही. पाळीच्या चौथ्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही. शेजारची ख्रिस्ती किंवा मुसलमान सहकारी हौसेने त्या रंगाचा कुर्ता घालून येते आणि फोटोत उभी राहते. सुरुवात करणाऱ्यांच्या मनात हे होतं की नव्हतं, त्याने काही बिघडत नाही. विधीचा आकारच असा निघाला की त्यात सगळ्या मावल्या.

जिथे प्रथा आवळते

प्रथा जसजशी पक्की होते तसे तिचे काच दिसू लागतात. पहिला काच खर्चाचा. सुरुवातीला कपाटातलीच साडी पुरायची. राखाडी आणि मोरपंखी मात्र सगळ्यांकडे नसते, आणि दुकानांना ते चांगलं कळतं. नवरात्राच्या आधी नऊ रंगांचे संच, कुर्त्यांचे, बांगड्यांचे, टिकल्यांचे, विकायला लागतात. जी गोष्ट फुकट होती म्हणून पसरली ती पसरल्यावर महाग होऊ लागते.

दुसरा काच सक्तीचा. मैत्रिणींनी ठरवलेला रंग आणि ऑफिसच्या नोटिशीतला रंग यांत फरक आहे. नोटिशीत तो आला की न पाळणारीला कारण द्यावं लागतं. जिला कपड्यांचा खर्च परवडत नाही, जिचा धर्म वेगळा आहे, जिला नुसतीच आवड नाही, तिच्यासाठी डब्यातला सौम्य टोमणा आणि वरिष्ठांची अपेक्षा यांचं वजन सारखं नसतं.

तिसरा काच असा की ही प्रथा ज्यांना मोकळी वाटते त्यांच्यापलीकडे काही जणी मुळातच बाहेर राहतात. हॉस्पिटलमधल्या नर्सला, महापालिकेच्या सफाई कामगार बाईला, दुकानातल्या गणवेशातल्या मुलीला रंग निवडायची सोयच नसते. नऊ दिवस शहर एका रंगात दिसतं तेव्हा गणवेश वेगळे उठून दिसतात.

चौथा काच अर्थाचा. "हौस म्हणून करतो" हे "शास्त्र आहे" झालं की हौसेतली ढिलाई जाते. आज फोनवर येणाऱ्या निरोपांत अमुक रंग नेसल्याने अमुक फळ मिळतं असं लिहिलेलं असतं, आणि चुकीचा रंग नेसला म्हणून मनात रुखरुख लागलेल्या बायका भेटतात. वीस वर्षांपूर्वी वाचकांना जोडण्यासाठी छापलेल्या यादीने कोणाला अपराधी वाटावं, हे बरोबर नाही. इथे इतिहास माहीत असण्याचा थेट उपयोग आहे. रंग वारावरून ठरतात आणि दरवर्षी वेगळ्या देवीच्या वाट्याला येतात, एवढं दोन वर्षांच्या याद्या दाखवून समजावलं तरी ती रुखरुख जाते, आणि हौस शिल्लक राहते.

दुसऱ्या प्रथा कशा तपासाव्या

नऊ रंगांवर वापरलेली रीत दुसऱ्या प्रथांनाही लावता येते. चार प्रश्न पुरेसे आहेत. पहिला, हिचा नियम कुठल्या कालगणनेवर चालतो. तिथीवर, वारावर की इंग्रजी तारखेवर? दुसरा, दरवर्षी तो नियम सांगतं कोण. घरातली वडील माणसं, पुरोहित, की छापलेली यादी? तिसरा, सांगितलेला अर्थ आणि प्रत्यक्ष नियम एकमेकांशी जुळतात का, की शैलपुत्रीच्या रंगासारखे दरवर्षी फारकत घेतात? आणि चौथा, घरातल्या सर्वांत वयस्क बाईच्या लहानपणी ती होती का?

चौथा प्रश्न सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा. तो आजच विचारावा, कारण रंगांआधीचं नवरात्र ज्यांनी स्वतः केलं, माळांनी दिवस मोजले आणि घागरी फुंकल्या, त्या पिढीची आठवण हीच या विषयाची सर्वांत चांगली नोंद आहे. आणि उत्तर काहीही आलं तरी नंतर गुरुवारी पिवळी साडी नेसायला हरकत नाही. परंपरा आपण घडवलेली आहे हे माहीत असलेल्या माणसाला ती पाळताही येते, आणि कोणी तिच्याबाहेर राहत असेल तर तिचा नियम सैल करायचा अधिकारही आपलाच आहे, हेही त्याला ठाऊक असतं.